लेखांक ६ : दोन महिन्यांचा टप्पा अजाइल, पण स्क्रम नव्हे

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जण जमले. त्यांत स्क्रमचे केन श्वेबर आणि जेफ सदरलंड होते, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे केंट बेक होते. ज्याची त्याची पद्धत आधीपासूनच चालू होती, त्यामुळे पद्धतीवर एकमत होणं कठीणच होतं. एकमत झालं ते सगळ्या पद्धतींच्या मुळाशी असलेल्या चार मूल्यांवर. पुढे त्यांना बारा तत्त्वांची जोड मिळाली. म्हणूनच तिथे ठरलेल्या अजाइल जाहीरनाम्यात स्प्रिंट, स्टँडअप किंवा स्टोरी पॉइंट हे शब्द कुठेही सापडत नाहीत.

परीक्षेत मार्क जातात ते नेमके इथे. ‘खालीलपैकी अजाइल तत्त्व कोणतं?’ असा प्रश्न येतो. एक पर्याय असतो ‘टीमने रोज पंधरा मिनिटं भेटावं’ आणि दुसरा ‘व्यवसायाकडच्या लोकांनी आणि डेव्हलपरनी रोज एकत्र काम करावं’. ‘रोज’ दोन्हींत आहे, म्हणून बरेच जण ओळखीच्या पर्यायावर खूण करतात. पण पंधरा मिनिटांची भेट हा स्क्रमचा नियम आहे. तत्त्व आहे ते दुसरं, आणि ते पाळायला कितीतरी जड. ग्राहकाच्या बाजूचा जाणकार माणूस प्रकल्पभर हाताशी असावा लागतो.

कालावधीचंही तसंच. चालतं सॉफ्टवेअर दोन-एक आठवड्यांपासून दोन-एक महिन्यांपर्यंतच्या अंतराने द्यावं, शक्यतो कमी अंतराने, असं तत्त्व सांगतं. स्क्रममध्ये मात्र स्प्रिंट एका महिन्याहून मोठा चालत नाही. दोन महिन्यांचे टप्पे घेणारी टीम तत्त्वात बसते, स्क्रममध्ये नाही.

आता उलटं उदाहरण घेऊ. बिलिंग सॉफ्टवेअर बनवणारी एक टीम आहे. दोन आठवड्यांचे स्प्रिंट आणि रोजचा स्टँडअप, सगळं शिस्तीत चालू आहे. रिव्ह्यूमध्ये ग्राहक म्हणतो, ‘सवलत एकूण बिलावर नको, प्रत्येक वस्तूवर हवी.’ मॅनेजर उत्तर देतो, ‘करारात नाही. रिलीजनंतर बघू.’ अशा वेळी काय करावं? ‘स्प्रिंट एका आठवड्याचा करा’ आणि ‘कानबान बोर्ड लावा’ हे पर्याय फसवे आहेत, कारण त्यांनी फक्त पद्धत बदलते. बिघाड वृत्तीत आहे. ग्राहकाशी सहकार्य आणि बदलाला प्रतिसाद ही दोन मूल्यं इथे मोडली आहेत. बरोबर उत्तर असं, की प्रॉडक्ट ओनरने ग्राहकाबरोबर या बदलाची गरज तपासावी आणि बॅकलॉगचा क्रम नव्याने लावावा.

करार फाडून टाका, असा याचा अर्थ नाही. करार, योजना, कागदपत्रं यांनाही मोल आहे, असं जाहीरनामा स्पष्ट म्हणतो. फक्त दुसऱ्या बाजूला तो अधिक मोल देतो. त्यामुळे ‘अजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन लागत नाही’ हा पर्याय दिसला, की तो बिनधास्त खोडा.