पाट्यांची अरबी, लेखांक ५ : हुकूम, मनाई आणि विनंती

अरब देशांतल्या रस्त्यांवर थांबण्याच्या लाल पाटीवर अरबीत फक्त ‘क़िफ’ लिहिलेले असते. अरबी लिपीत ही दोनच अक्षरे. ‘थांबणे’ या क्रियापदाचे हे आज्ञार्थी रूप एकवचनी आणि पुल्लिंगी आहे, पण गाडी बाई चालवत असली तरी पाटीवर तेच असते आणि ते कुणाला उद्धट वाटत नाही. ‘कृपया थांबावे’ची सवय असलेल्या मराठी अनुवादकाने इथे हात आवरावा.

मनाई करायची असेल तर साचा वेगळा. आधी ‘ममनूअ’, मग ‘अल्’ लावलेले क्रियेचे नाम : ‘ममनूअ अत्-तदखीन’, म्हणजे धूम्रपानास मनाई. विनंतीच हवी असेल तर ‘अर्-रजाअ अदम अत्-तदखीन’ असे लिहितात. यातला ‘अदम’ म्हणजे ‘न करणे’. पाटी अरुंद आहे म्हणून रंगवणाऱ्याने तो शब्द गाळला, तर उरते ‘कृपया धूम्रपान करावे’. म्हणूनच जिथे चूक महागात पडेल तिथे मी विनंतीपेक्षा मनाईचा साचा निवडतो.

मुंबईतल्या रुग्णालयांत ओमान, येमेनहून रुग्ण येतात, सोबत घरची माणसे असतात. समजा, अतिदक्षता विभागाच्या दारावर मराठीत असे आहे : ‘रुग्णांच्या नातेवाइकांनी कृपया या दरवाजाने आत येऊ नये, डावीकडील दरवाजाचा वापर करावा.’ हे शब्दशः उतरवले तर अरबीत लांबलचक वाक्य होईल आणि घाबरलेला माणूस ते वाचायला थांबणार नाही. आधी विचारावे, हे दार कुणाचे? कर्मचाऱ्यांचे. मग मोठ्या अक्षरांत ‘लिल्-मुवज़्ज़फीन फक़त’, म्हणजे ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. आपला ‘फक्त’ अरबीतूनच आलेला. खाली लहान अक्षरांत ‘अद्-दुखूल मिनल्-बाब अल्-अयसर’, म्हणजे ‘प्रवेश डावीकडील दाराने’, आणि बाण.

बाणापाशी एक धोका आहे. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे मांडणी करणारा कधी कधी सगळी पाटीच आरशासारखी उलटवतो आणि बाणही उलटतो. मजकूर कुठूनही सुरू होवो, बाण खऱ्या दाराकडेच हवा.

छापण्याआधी अरबी न येणाऱ्यालाही एक तपासणी करता येते. काही सॉफ्टवेअरमध्ये अरबी अक्षरे सुटी होतात आणि उलट क्रमाने पडतात. ‘फक़त’मध्ये तीन अक्षरे आहेत आणि तिन्ही एकमेकांना जोडलेली असतात. उजवीकडून पाहिल्यास पहिल्यावर एक टिंब, दुसऱ्यावर दोन टिंबे, तिसऱ्यावर उभी रेघ. अक्षरे सुटी दिसली, किंवा एक टिंबवाले डाव्या टोकाला गेले, तर पाटी परत पाठवावी.