न दिसलेल्या वहिनींच्या नावाने

शेरलॉक होम्सच्या चाहत्यांची दर जानेवारीत न्यूयॉर्कला एक पंगत बसते. 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' हे त्या मंडळींचं नाव. लेखक क्रिस्टोफर मॉर्ले यांनी १९३४ मध्ये ती जमवली. जानेवारी का, तर होम्सचा वाढदिवस ६ जानेवारीला असतो. तारीख चाहत्यांनीच ठरवलेली आहे, कॉनन डॉयलनी ती कुठेही दिलेली नाही.

जेवणाआधी यजमान पेला उंचावतो तेव्हा तो होम्सचं कौतुक करेल, असं आपल्याला वाटतं. पण मंडळाच्या गमतीशीर घटनेत कोणाच्या नावाने प्यायचं हे लिहिलेलं आहे आणि त्यात होम्स नाहीच. आयरीन अ‍ॅडलर, घरमालकीण मिसेस हडसन, भाऊ मायक्रॉफ्ट आणि डॉ. वॉटसनची दुसरी बायको, अशी ती यादी आहे.

या दुसऱ्या वहिनी कथांमध्ये एकदाही समोर येत नाहीत. पहिली बायको मेरी मॉर्स्टन. तिच्यानंतर कधीतरी वॉटसनने पुन्हा लग्न केलं असावं, कारण १९०३ सालच्या एका प्रकरणात होम्स कुरकुरतो की वॉटसन बायकोसाठी मला सोडून गेला. ना नाव, ना गाव. १८८७ ते १९२७ अशी चाळीस वर्षं चाललेल्या, छप्पन कथा नि चार कादंबऱ्यांच्या मालिकेतलं हे एवढंसं वाक्य ज्याला आठवतं त्यालाच पेला का उचलायचा ते कळतं. नायकाची स्तुती कोणीही करेल. असा टोस्ट मात्र नुसतं नाव घेऊन सभागृहातल्या प्रत्येकाला सांगतो की तू सगळं वाचलं आहेस, हे मला ठाऊक आहे. वाचकांचा याहून वेगळा सत्कार करायची मग गरज उरत नाही.

१९४१ च्या जेवणात मात्र पाहुणे रेक्स स्टाउट अडून बसले. नीरो वुल्फच्या रहस्यकथा लिहिणारे हेच ते. वहिनींच्या नावाने प्यायला माझं मन धजत नाही, म्हणाले, कारण वॉटसन स्वतःच बाई होता! मग त्यांनी पुरावे काढले, तेही मूळ मजकुरातलेच: होम्स सकाळी किती वाजता नाश्ता करून बाहेर पडतो याची वॉटसन ठेवत असलेली नोंद, आणि मेलेला समजलेला होम्स परत दिसताच त्याला आलेली भोवळ. शेवटी अकरा कथांची नावं एकाखाली एक मांडून दाखवली, तर इंग्रजी आद्याक्षरांतून 'आयरीन वॉटसन' उमटलं. सगळा खोडसाळपणाच, पण तो करायला साठही गोष्टी तोंडपाठ हव्यात. पुढे ज्युलियन वुल्फ यांनी उत्तर लिहिलं आणि आद्याक्षरांतूनच स्टाउटना वेड्यात काढलं.

वॉटसन बाई असल्याचं हे भाषण ऐकणारे सगळे पुरुषच होते. मंडळाने बायकांना रीतसर आत घेतलं ते १९९१ मध्ये. त्याआधी १९६८ साली काही चाहत्या बाहेर थंडीत फलक घेऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि आत रिवाजाप्रमाणे आयरीन अ‍ॅडलरच्या नावाने पेले उंचावले जात होते.