कपाटातील पुरचुंडी : सुवास किती दिवसांचा, राखण किती दिवसांची?

पावसाळा सरला, की वऱ्हाडातील घराघरांत कपाटे उघडली जातात. मंगरूळपीरसारख्या गावी थंडीच्या तोंडावर शाली, स्वेटर आणि लग्नातले शालू बाहेर काढले, की कधी कधी घडीवर बारीक छिद्रांची रांग दिसते. ‘कसर लागली’ एवढे म्हणून आपण थांबतो. प्रत्यक्षात उडणारा फिकट सोनेरी पतंग कापड खात नाही. तो केवळ अंडी घालतो, आणि त्यातून निघालेली अळी लोकर व रेशीम कुरतडते. केस, पिसे, लोकर आणि रेशीम यांतील प्रथिनावर तिचे पोषण होते. घामाचे वा अन्नाचे डाग पडलेले वस्त्र तिला अधिक प्रिय असते. सुती साडीला सहसा हा धोका नसतो. तिला खळ असेल, तर मात्र चंदेरी कसरीचा उपद्रव होतो. हा किडा वेगळाच.

या किडींपासून बचावासाठी सुगंधी वनस्पतींच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत जुनी आहे. तिचे उत्तम उदाहरण मराठी राजांच्या तंजावरात सापडते. दुसरे सरफोजी राजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे व कागदी पोथ्या जपण्यासाठी वेखंड, लवंग, दालचिनी, मिरे, काळे जिरे म्हणजे कलौंजी आणि कापूर यांची भरड कापडी पुरचुंडीत बांधून ठेवली जाते. या मिश्रणात फुले नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गुलाब, मोगरा यांच्या वाळलेल्या पाकळ्या कपड्यांना सुवास देतात, पण किडीला रोखण्याच्या कामी त्यांच्यावर विसंबता येत नाही. परदेशात लव्हेंडरचा वापर होतो. त्याच्या तेलाचा उग्र दर्प पतंगाला नकोसा वाटतो, परंतु तो दर्पही लवकर ओसरतो.

कडुनिंबाचा पाला घडीत ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. तिची मर्यादा समजून घेतली पाहिजे. निंबाचा प्रभावी घटक मुख्यतः बियांत असतो आणि तो किडीच्या पोटात गेला तरच परिणाम करतो. वाळलेल्या पानांच्या नुसत्या वासाने फारसे काही साधत नाही. वेखंडाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मुळकांडातील उडनशील तेल कीटकांना दूर ठेवते, शिवाय ते कठीण काष्ठवत् भागात साठलेले असल्याने हळूहळू बाहेर पडते.

कपाटाच्या एका खणासाठी ५० ग्रॅम वाळलेले वेखंड, आणि लवंग, दालचिनी व कलौंजी प्रत्येकी १० ग्रॅम पुरतात. सारे खलबत्त्यात जाडसर कुटावे. वस्त्रगाळ पूड करू नये. तिचा वास थोड्या दिवसांत उडतो आणि ती कापडातून गळून डाग पाडते. मिश्रण पूर्ण कोरडे असावे. मग मलमलीच्या दुहेरी तुकड्यात सैल बांधून एक कापराची वडी घालावी. लवंगेच्या तेलाचे डाग रेशमावर उठतात, म्हणून पुरचुंडी वस्त्रांत न दाबता कपाटाच्या कोपऱ्यात किंवा खुंटीला टांगावी. वेखंड पोटात जाणे अपायकारक असल्याने ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सुवास किती टिकतो? कापूर हवेत उडून जातो. वऱ्हाडी उन्हाळ्यात तर तो काही आठवड्यांतच संपतो. फुलांचा वास एक-दोन महिने, लवंग-दालचिनीचा चार ते सहा महिने, वेखंडाचा त्याहून अधिक काळ. कपाट घट्ट बंद होत असेल, तर ही मुदत वाढते. पुरचुंडी हातात चुरगाळून पाहावी. तीव्र वास न आल्यास भरड बदलावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस, बदल करणे सोयीचे.

तरीही एक गोष्ट विसरू नये. ही पुरचुंडी येणाऱ्या पतंगाला परतवते; आत असलेल्या अळ्यांना मारत नाही. शिवणीत रेशमी जाळे वा वाळूसारखे कण दिसले, तर अळी आत आहे असे समजावे. अशा वेळी लोकरीचे वस्त्र प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावे. कपाट रिकामे करून भेगा झाडाव्यात, वस्त्रे धुऊन पूर्ण वाळवावीत. शालू कडक उन्हात टाकल्यास रंग विटतो, तेव्हा त्याला सावलीतील हवा द्यावी. त्यानंतरच पुरचुंडी कपाटात परत टांगावी. स्वच्छ कपाटातच तिची राखण कामी येते.