वहीतला नफा नशिबाचा की कौशल्याचा?

पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने महिनाभर पेपर ट्रेडिंग केलं, असं समजू. रोज एक इंट्राडे सौदा, दर वेळी काल्पनिक 50,000 रुपयांचा, आणि सगळी नोंद वहीत. महिनाअखेर 20 पैकी 14 सौदे नफ्यात, हातात 800 रुपये. आता खरे पैसे लावायचा विचार त्याच्या डोक्यात आहे.

गैरसमज : 20 पैकी 14 बरोबर, म्हणजे बाजार कळला.

वस्तुस्थिती : नाणं 20 वेळा उडवलं, तरी 14 किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात जवळजवळ सहा असते. म्हणजे हॉस्टेलच्या तीस मुलांनी नुसतं नाणं उडवून सौदे केले, तरी एक-दोघांची वही अशीच दिसेल. आणि आपल्याला दाखवली जाते ती नेमकी त्यांचीच.

गैरसमज : नफा झाला, म्हणजे निर्णय योग्य होता.

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. आपल्या विद्यार्थ्याने 500 रुपयांना 100 शेअर घेतले आणि 495 चा स्टॉपलॉस लिहून ठेवला. भाव 492 वर गेला, पण ‘वर येईल’ म्हणून तो थांबला. दुपारी 504 ला विकून त्याने 400 रुपये नफा लिहिला. त्याच्याच नियमाप्रमाणे तो 500 रुपयांचा तोटा होता. वही नीट तपासल्यावर असे तीन सौदे सापडले, मिळून 900 रुपये नफ्याचे. ते काढून प्रत्येकी 500 चा तोटा धरला, की 800 च्या नफ्याचा 1,600 चा तोटा होतो. उलट नियम पाळून झालेला तोटा ही चूक नव्हे. म्हणून कारण, स्टॉपलॉस आणि बाहेर पडायचा भाव सौद्याआधी पेनाने लिहायला हवा. नंतर लिहिलेलं कारण निकाल पाहून सुचलेलं असतं.

गैरसमज : वहीत जमलं, ते खात्यातही जमेल.

ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, स्टँप ड्युटी धरून अशा एका सौद्याला साधारण 50 रुपये जातात. 20 सौद्यांचे झाले 1,000. स्टॉपलॉसचा हिशेब बाजूला ठेवला तरी 800 चा नफा इथेच संपतो. शिवाय वहीत आपण शेवटचा दिसलेला भाव लिहितो. प्रत्यक्षात विकणारा मागेल तो मोजावा लागतो. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला होता.

मग आणखी किती सौदे हवेत? 200 पैकी 140 बरोबर आले, तर नशिबाचा संशय जवळजवळ उरत नाही. पण 110 आले, तर तेवढं नाण्यालाही शंभरात सुमारे नऊ वेळा जमतं.