‘बघू’ म्हणजे होकार नव्हे

“मॅडम, लेबलं तर करायचीच आहेत, पण सोबत इन्स्टाग्रामच्या दोन-तीन पोस्टही टाका ना.”

“बघू.”

सोलापूरचे एक चटणी-उद्योजक आणि पुण्यातली एक फ्रीलान्स डिझायनर यांच्यातला हा फोन नमुन्यादाखल रचलेला आहे, पण या व्यवसायातल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. बोलणं बेचाळीस मिनिटं चाललं. रेकॉर्डिंग चालू आहे हे तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि त्यांची हरकत नव्हती. फोन ठेवताना दोघंही खूश होते. महिन्याभराने मात्र ते म्हणणार, पोस्टचं तर ठरलं होतं; आणि तिला आठवणार, आपण फक्त ‘बघू’ म्हणालो होतो.

रेकॉर्डिंग आहे म्हणून हा वाद टळत नाही, कारण बेचाळीस मिनिटं पुन्हा कोणी ऐकत नाही. त्यातलं ठरलेलं तेवढं वेचून, अर्ध्या पानात लिहून, शक्यतो त्याच दिवशी समोरच्याला पाठवावं लागतं. त्यासाठी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलेलं बरं.

पहिल्यांदा फक्त आकडे आणि तारखा टिपायच्या, शेजारी मिनिट लिहून. या फोनमध्ये नवव्या मिनिटाला तिने पाच लेबलांचे २४ हजार सांगितले. चौदाव्या मिनिटाला ते १८ हजारांवर आले. सत्ताविसाव्या मिनिटाला ते सहज म्हणाले, “लसणाची चटणी सध्या राहू द्या.” एकतिसाव्या मिनिटाला ती म्हणाली, “वीस करा, पण निम्मे आगाऊ,” आणि ते म्हणाले, “चालेल.” म्हणजे २० हजार हा भाव चार लेबलांचा आहे. घाईने सारांश लिहिणारा सुरुवातीची पाच लेबलं आणि शेवटचे वीस हजार एकत्र बांधतो, आणि एक लेबल फुकट जातं. भाव बदलला की त्या क्षणी कामाची यादी काय होती, हे मागे जाऊन तपासायलाच हवं.

दुसऱ्यांदा क्रियापदं ऐकायची. ‘चालेल’, ‘ठरलं’ हा होकार. ‘बघू’, ‘करूया की’ हा होकार नव्हे. एकाने विचारलं आणि दुसऱ्याने विषय बदलला, तर तेही ठरलेलं नाही. अशा गोष्टी गाळूही नयेत आणि आपल्या सोयीने निकालातही काढू नयेत. निरोपात त्या प्रश्न म्हणून वेगळ्या लिहाव्यात. सारांश लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा इथेच दिसतो.

सगळ्यात जास्त खटके उडतात ते दुरुस्त्यांवरून. “दोन वेळा बदल” हे शब्द दोघांनीही उच्चारलेले असतात, पण ‘वेळ’ कशाला म्हणायचं? सकाळी मालक रंग बदलायला सांगतात, दुपारी त्यांचा मुलगा अक्षर मोठं करायला सांगतो, रात्री वितरकाचा फोन येतो. ही एक फेरी की तीन? शिवाय लेबलावरचं वजन चुकून वेगळं छापलं गेलं, तर ती डिझायनरची चूक. तिची दुरुस्ती फेरीत मोजता येत नाही. उलट, मान्य झालेली कल्पना टाकून नवीच मागितली, तर ते नवं काम. फोनवर यातलं काही बोललं गेलं नसेल, तर ती आपली सूचना आहे हे निरोपात उघड सांगावं.

तिचा निरोप असा होऊ शकतो:

“नमस्कार साहेब. आज फोनवर ठरलं ते असं. चार चटण्यांची चार लेबलं, छपाईयोग्य पीडीएफमध्ये, ५ ऑक्टोबरपर्यंत. मजकूर आणि वजनं तुम्ही १५ सप्टेंबरपर्यंत द्याल. उशीर झाल्यास तारीख तेवढी पुढे जाईल. एकूण २०,००० रुपये : १०,००० आगाऊ, १०,००० अंतिम फाइल देण्याआधी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत, पुढच्या प्रत्येक फेरीला १,००० रुपये. फेरीची व्याख्या बोलण्यात झाली नव्हती. माझी सूचना अशी की सर्वांचे बदल एकाच यादीत आले, की ती एक फेरी. माझी चूक असल्यास दुरुस्ती मोफत. लसणाचं लेबल यात नाही. अजून ठरायचं आहे : इन्स्टाग्राम पोस्ट हव्यात का (त्यांचा दर वेगळा), आणि मूळ एडिटेबल फाइल हवी आहे का. काही चुकलं असल्यास दुरुस्त करा, बरोबर असल्यास ‘मान्य’ असं कळवा.”

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही सर्वसाधारणपणे वैध असतो. अडचण येते ती काय ठरलं हे सिद्ध करताना, आणि तिथे असा निरोप व त्यावरचं उत्तर कामी येतं. एका बाबतीत मात्र तो पुरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचे, तर लेखी आणि सही केलेला दस्त लागतो. लेबलाच्या चित्राचे हक्क उद्योजकाला हवे असतील, तर तो कागद वेगळा करावा.

निरोपावर निळ्या खुणा दिसल्या, पण उत्तर आलं नाही, तर तो होकार धरू नये. ‘मान्य’ हा शब्द आणि आगाऊ दहा हजार, दोन्ही हाती आल्यावरच पहिल्या लेबलाचं काम सुरू करावं.