गरोदरपणात प्लेटलेट्स कमी: साधी घट की ‘हेल्प’ सिंड्रोम? फरक असा ओळखतात

बुलढाणा : समजा, चिखली तालुक्यातील उंद्री गावच्या दोन गर्भवती महिलांनी ३४व्या आठवड्यात रक्ततपासणी केली. दोघींच्याही प्लेटलेट्स ९८ हजार आल्या. एकीला घरी जाऊ दिले, दुसरीला लगेच बुलढाण्याला रेफर केले. आकडा एकच असताना असे का?

पहिली महिला
तिला काही त्रास नाही. बीपी ११०/७० आहे. पहिल्या तिमाहीत प्लेटलेट्स १ लाख ८० हजार होत्या. लिव्हरची एसजीओटी चाचणी आणि एलडीएच नॉर्मल आहे. ही बहुधा गरोदरपणातली साधी घट, म्हणजे जेस्टेशनल थ्रॉम्बोसायटोपेनिया. या काळात रक्तातील द्रवभाग वाढतो आणि प्लेटलेट्स लवकर खर्चही होतात. बाळाला सहसा धोका नसतो आणि प्रसूतीनंतर काही आठवड्यांत आकडा पूर्ववत होतो. मात्र ठरावीक अंतराने तपासणी करावीच लागते. आकडा ८० हजारांच्या खाली गेला किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीपासूनच कमी असेल, तर दुसरे कारण शोधतात.

दुसरी महिला
तिला उजव्या बरगडीखाली दुखते, मळमळते. घरच्यांना ती ॲसिडिटी वाटली. बीपी १५०/१००, एसजीओटी १४० आणि एलडीएच ८२० आहे. एलडीएच ६०० किंवा त्याहून जास्त असणे हे लाल पेशी फुटत असल्याचे लक्षण मानतात. एसजीओटी ७० च्या पुढे असणे म्हणजे लिव्हरला इजा. त्यात प्लेटलेट्स एक लाखाखाली. या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून अमेरिकी डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये ‘हेल्प’ हे नाव दिले. हा आजार काही तासांत बळावतो. सहा तासांनी पुन्हा तपासल्यावर तिच्या प्लेटलेट्स ६२ हजारांवर आल्या, तर शंका उरत नाही. त्यावर खरा उपाय प्रसूती हाच. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात आणि बीपी आटोक्यात ठेवतात.

फसगत कुठे होते?
‘हेल्प’च्या काही रुग्णांचा बीपी नॉर्मल असतो. त्यामुळे केवळ बीपी पाहून निश्चिंत होता येत नाही. काहींना हा त्रास प्रसूतीनंतर, बहुतेकदा पहिल्या ४८ तासांत सुरू होतो. ताप असेल तर डेंग्यूही तपासावा लागतो. कधी नमुन्याच्या ट्यूबमध्ये प्लेटलेट्सच्या गुठळ्या होऊन मशीन आकडा कमी दाखवते. अशा वेळी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की उलगडा होतो.

घरच्यांनी काय करावे?
पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट जपून ठेवा. तुलनेसाठी डॉक्टर तोच मागतात. पोटाच्या वरच्या भागात दुखणे, जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा उलट्या यांपैकी काहीही झाले, तर ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.