‘विचारलं तर डोक्यात भरेल’: मनोविकार कक्षातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या घरातून कुणाला ‘जिवाचं काही बरंवाईट करेल’ या भीतीने दवाखान्यात आणलं, की पुढचे रस्ते ठरलेले असतात. कुणी कॅम्प तीनमधल्या मध्यवर्ती रुग्णालयात जातं, कुणी जवळच्या खासगी डॉक्टरांकडे, आणि प्रकरण गंभीर असेल तर लोकलने ठाण्याला, १९०१ पासून चालत आलेल्या मनोरुग्णालयात. रस्ता कुठलाही असो, नातेवाईक सोबत काही ठाम समजुती घेऊन येतात. त्यातल्या काही कर्मचाऱ्यांच्याही मनात असतात.

सगळ्यात घट्ट समजूत म्हणजे आत्महत्येबद्दल थेट विचारू नये, नसलेला विचार डोक्यात भरतो. संशोधनाने हे खरं ठरवलेलं नाही. २००५ साली अमेरिकेत शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात अशा प्रश्नांमुळे त्रास किंवा विचार वाढल्याचं दिसलं नाही. आधीच खचलेल्या मुलांचा त्रास उलट थोडा कमी झाला. त्यानंतरच्या अभ्यासांचा कलही तसाच आहे.

खरी अडचण आहे ती कसं विचारलं जातं याची. ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येणार, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचं आहे हे रुग्णाला कळतं.

जगभर वापरली जाणारी कोलंबिया प्रश्नावली सहा प्रश्नांची आहे आणि ती पायरीपायरीने जाते. झोपावं आणि पुन्हा जागच येऊ नये, असं गेल्या महिन्यात वाटलं का? जीव संपवावा असा विचार आला का? हो म्हटलं तर पुढचे तीन: कसं करायचं याचा विचार केला का, तसं वागण्याचा इरादा होता का, आणि कधी, कुठे, कसं हे ठरवून इरादा पक्का केला होता का. दुसऱ्याच प्रश्नाला ‘नाही’ आलं तर थेट सहाव्यावर जायचं: आजवर कधी प्रयत्न केला, सुरुवात केली किंवा तयारी केली का, आणि ते गेल्या तीन महिन्यांतलं आहे का.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिवणकाम करणारा तिशीतला माणूस. कर्ज, नैराश्य, तीन आठवडे झोप नाही. भरती करताना भाऊ शेजारी उभा असताना विचारलं, तर सगळ्याला ‘नाही’. तासाभराने सिस्टरने भावाला चहाला पाठवलं, खुर्ची ओढून बसली आणि त्याच्याच बोलीत तेच प्रश्न पुन्हा विचारले. पहिल्या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ आलं. चौथ्याला तो थांबला आणि म्हणाला, ‘रात्री वाटतं करून टाकावं, मग मुलगी दिसते.’ पाचव्याला ‘नाही’. सहाव्याला मात्र दोन महिन्यांपूर्वीचा प्रयत्न बाहेर आला, जो घरात कुणालाच ठाऊक नव्हता. प्रश्न तेच, माणूसही तोच; बदलली ती फक्त खोलीतली माणसं आणि भाषा. सिंधी, हिंदी, मराठी अशी सरमिसळ असलेल्या या पट्ट्यात दुभाष्याचं काम नातेवाइकावर टाकणं म्हणूनच धोक्याचं आहे.

इथून दुसरी समजूत सुरू होते: प्रश्न विचारले, ‘धोका कमी’ असा शेरा मारला, काम झालं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं की कोण पुढे आत्महत्या करेल हे वर्तवण्यासाठी मोजपट्ट्या वापरू नका आणि रुग्णांना कमी-मध्यम-जास्त अशा कप्प्यांतही टाकू नका. कारण साधं आहे: ‘कमी’ ठरवलेल्या मोठ्या गटातूनही बरेच मृत्यू होतात. प्रश्न असतात ते आज रात्री या माणसासाठी काय करायचं हे ठरवण्यासाठी. ‘मी काही करणार नाही’ असं लिहून सही घेण्याच्या पद्धतीनेही मृत्यू टळतात असा पुरावा नाही. परिस्थिती बदलली की पुन्हा विचारावं लागतं: घरून वाईट बातमीचा फोन, रजेवर जाऊन येणं, औषध बदलणं, आणि अचानक आलेला उत्साहसुद्धा.

आपल्या उदाहरणात त्या रात्रीपुरतं ठरलं ते असं: खाट सिस्टरच्या टेबलासमोर, एक कर्मचारी सतत हाताच्या अंतरावर, बाथरूमलाही सोबत. ‘दर पंधरा मिनिटांनी चक्कर’ ऐकायला कडक वाटतं, पण ठरलेल्या वेळची चक्कर रुग्णालाही पाठ होते आणि मधला वेळ मोकळा राहतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय पाहणीत देखरेखीखाली असताना झालेल्या मृत्यूंपैकी बहुतेक अशा अधूनमधूनच्या देखरेखीतलेच होते. सीसीटीव्ही तर फक्त दाखवतो, धावून जात नाही.

मग सरळ बांधूनच ठेवा ना, असं काकुळतीने म्हणणारे नातेवाईक असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड पूर्णपणे बंद केले आहेत. शारीरिक बंधन घालता येतं ते तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी. कारण आणि कालावधी नोंदवावा लागतो, २४ तासांत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवावं लागतं. माणसं कमी आहेत हे कारण कायद्याला चालत नाही. सुरक्षितता मिळवायची ती खोलीतून: वजन आलं की निखळणारे पडद्याचे रॉड, बाहेरून उघडता येणारी बाथरूमची कडी, कुलूपबंद औषधांची ट्रॉली, फिनाइलची बाटली कोपऱ्यात विसरणार नाही अशी शिस्त. नातेवाइकांनी आणलेली पिशवी टेबलावर तपासायची, मोबाइलचा चार्जर सिस्टरकडे ठेवायचा. हे अविश्वासाने नाही, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधी समजावून सांगायला हवं. आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना व वॉर्डमधल्या मामांना हँडओव्हरमधून वगळू नये. पहाटे कोण जागा होता हे अनेकदा त्यांनाच माहीत असतं.

लिखाणाबद्दलचा गैरसमज दोन्ही बाजूंना आहे. घरच्यांना वाटतं, केसपेपरवर प्रयत्नाचा उल्लेख आला की मुलगा आरोपी होणार. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ राहिलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच तरतूद आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं ती वैद्यकीय-कायदेशीर नोंद असते. तिच्या भीतीने प्रयत्न लपवला तर उपचार चुकतात.

कर्मचाऱ्यांना वाटतं, नोंद म्हणजे उद्या चौकशी झाली तर ढाल. म्हणून दर शिफ्टला ‘रुग्ण शांत, तक्रार नाही’ उतरवलं जातं. या ओळीवरून रात्रपाळीला काय कळणार? उपयोगी नोंद अशी असते: ‘रात्री ९.४०. एकांतात विचारले. मरणाचे विचार, पद्धतीचाही विचार. ठरलेली योजना नाही. दोन महिन्यांपूर्वी प्रयत्न, घरी माहीत नाही. म्हणतो: मुलगी दिसते. सावकाराच्या फोननंतर अस्वस्थ. सतत सोबत. डॉक्टरांना कळवले. सकाळी ८ ला पुन्हा विचारणे.’ यात रुग्णाचे शब्द आहेत, निर्णय आहे, त्याचं कारण आहे आणि पुढची वेळही आहे.

शेवटची समजूत सर्वांत महाग पडते: डिस्चार्ज झाला, म्हणजे धोका टळला. घरी गेल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे हाच मोठ्या धोक्याचा काळ असतो. बदलापूरहून ठाण्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून नेमकी याच काळातली तपासणी चुकते. त्यामुळे डिस्चार्जचा कागद हातात घेताना आठवड्याच्या आतली तारीख मागून घ्या, औषधं थोड्या दिवसांचीच घेऊन घरातल्या एकाच्या ताब्यात ठेवा, आणि रुग्णासोबत बसून लिहून काढा: धोक्याची पहिली खूण कोणती, तेव्हा तो काय करेल, कुणाला फोन करेल. त्या यादीत १४४१६ हा टेली-मानसचा नंबरही लिहा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.